कार्यालयातील लॅन अस्थिर राहण्यामागे चपट्या केबल आणि सीसीए वायर हेच कारण असू शकते का?

जमाखर्च_नाशिक

नमस्कार. नाशिकमध्ये आमचे सनदी लेखापालांचे कार्यालय आहे. वीसएक संगणक, एक सर्व्हर, टॅलीचा सगळा डेटा त्या सर्व्हरवर, आणि मागच्या इमारतीतल्या दफ्तरखान्यात छताला लावलेला एक वायफाय अॅक्सेस पॉइंट, एवढीच आमची यंत्रणा आहे. नव्या जागेत आल्यापासून नेटवर्क कधी नीट चालते, कधी नाही. टॅली मध्येच डेटाशी संपर्क तुटल्याचे सांगून बंद पडते, अशिलांशी व्हिडिओवर बोलताना आवाज तुटतो, काही संगणकांवर जोडणीचा वेग १ गिगाबिटऐवजी १०० मेगाबिट दिसतो. दफ्तरखान्यातला अॅक्सेस पॉइंट दुपारी आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. सकाळी हा त्रास कमी असतो.

ठेकेदाराने आधी स्विच खराब असल्याचे सांगितले. स्विच बदलला, पण काही फरक पडला नाही. नंतर आणलेल्या दुसऱ्या तंत्रज्ञाने भिंतीतली केबल सीसीए आहे, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची आहे, असे सांगितले. टेबलांपाशी गालिच्याखालून नेलेल्या पांढऱ्या चपट्या केबलही काढून टाका, असेही तो म्हणतो. ठेकेदार मात्र आठ दिव्यांचा टेस्टर लावून सगळे दिवे ओळीने लागतात हे दाखवतो आणि काम चोख असल्याचे सांगतो. संपूर्ण वायरिंग पुन्हा करायचे तर खर्च मोठा आहे, त्यामुळे दोघांपैकी कोणाचे खरे मानावे हे कळत नाही. हे कारण खरेच एवढे मोठे असते का, आणि ते आम्हाला स्वतः पडताळून पाहता येईल का?

पावसाळी_ढग

आमच्या घरीही वायफाय असेच तुटत असे. राउटरचे चॅनेल बदलल्यावर आणि तो कपाटातून बाहेर काढून ठेवल्यावर सुरळीत झाले. तुम्हीही एकदा करून पाहा.

जमाखर्च_नाशिक

धन्यवाद, परंतु ज्या संगणकांवर अडचण आहे ते तारेने जोडलेले आहेत. वायफायचा प्रश्न फक्त त्या एका अॅक्सेस पॉइंटपुरता आहे.

पीळदार

माझा व्यवसाय इमारतींमधल्या केबलिंगच्या तपासणीचा आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. तुमच्याकडे दोन स्वतंत्र दोष एकमेकांत मिसळलेले असण्याची शक्यता मला दिसते. ते वेगळे केल्याशिवाय कोणत्याही उपायावर पैसे घालू नका.

आधी आठ दिव्यांच्या टेस्टरबद्दल. पहिल्या टोकाची पहिली तार दुसऱ्या टोकाच्या पहिल्या पिनपर्यंत पोहोचली आहे, एवढेच तो सांगतो. त्या तारेतून सेकंदाला १२.५ कोटी वेळा बदलणारा संदेश शाबूत जातो की नाही, याची त्याला कल्पना नसते. त्यामुळे ठेकेदार खोटे बोलत नसेल, पण तो जे दाखवतो त्यातून तुमच्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

आता चपट्या केबलविषयी. लॅन केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. प्रत्येक जोडीला पीळ असतो आणि चारही जोड्यांच्या पिळांचे अंतर मुद्दाम वेगवेगळे ठेवलेले असते, कारण त्यामुळेच एका जोडीतला संदेश शेजारच्या जोडीत उतरत नाही. स्वस्त चपट्या केबलमध्ये अनेकदा आठही तारा नुसत्या शेजारी शेजारी मांडलेल्या असतात, आणि पीळ असलाच तर तो सैल असतो. १०० मेगाबिटला चारपैकी दोनच जोड्या लागतात, म्हणून तिथे हे खपून जाते. गिगाबिटला चारही जोड्या एकाच वेळी दोन्ही दिशांनी वापराव्या लागतात. मग जोड्यांमधली गळती वाढली की पॅकेट खराब होऊन पोहोचतात आणि टाकून दिली जातात. टॅलीसारख्या कार्यक्रमाला हे सर्व्हरशी संपर्क तुटल्यासारखे दिसते.

दुसरी गोष्ट जाडीची. गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. या केबलमधल्या तारा पुष्कळदा ३० किंवा ३२ गेजच्या असतात, तर भिंतीतली साधारण केबल २३ किंवा २४ गेजची असते. ३२ गेजच्या पाच मीटर तारेचा रोध २४ गेजच्या तीस मीटरहून अधिक तारेइतका भरतो. टेबलापाशी केवळ पाचच मीटरचा तुकडा आहे असे आपल्याला वाटत असते, पण विजेच्या दृष्टीने तिथे आणखी एका मोठ्या दालनाची वायर जोडलेली असते.

कृपया तीन गोष्टी कळवा. भिंतीतल्या केबलच्या आवरणावर नेमके काय छापले आहे? चपट्या केबल किती लांबीच्या आहेत? तुमचा स्विच पोर्टनिहाय चुकांची मोजणी दाखवतो का?

सिग्नल_सातारा

मी अनेक वर्षे केबल टीव्हीच्या व्यवसायात आहे. सीसीएला एवढे वाईट ठरवणे मला पटत नाही. आमच्या मुख्य वाहिन्यांच्या जाड कोअॅक्स केबलमध्ये आतली तार तांब्याच्या मुलाम्याची अॅल्युमिनियमचीच असते आणि ती ऊन-पावसात वर्षानुवर्षे चालते. कारण सरळ आहे. उच्च वारंवारतेचा प्रवाह तारेच्या केवळ पृष्ठभागावरून वाहतो. पृष्ठभाग तांब्याचा असला की आत काय आहे याने संदेशाला फरक पडत नाही. चपट्या केबलबाबत मात्र पीळदार यांच्याशी सहमत आहे.

पीळदार

सातारकर, तुम्ही सांगितलेला नियम बरोबर आहे आणि कोअॅक्समध्ये ही वायर वापरणे पूर्णपणे योग्यच आहे. प्रश्न फक्त कोणती वारंवारता आणि केवढी तार, एवढाच आहे.

लॅनच्या २४ गेज तारेचा व्यास अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असतो. सीसीए तारेत आकारमानाने दहा टक्के तांबे धरले, तर त्या मुलाम्याची जाडी जेमतेम १३ मायक्रोमीटर भरते. १०० मेगाहर्ट्झला प्रवाह तांब्यात साधारण साडेसहा मायक्रोमीटर खोलीपर्यंत एकवटलेला असतो, म्हणजे तिथे तुमचे म्हणणे लागू पडते. १० मेगाहर्ट्झला ही खोली २१ मायक्रोमीटर होते आणि १ मेगाहर्ट्झला ६६, म्हणजे प्रवाहाचा मोठा भाग अॅल्युमिनियममध्ये उतरतो. टीव्हीच्या वाहिन्या बहुतांशी याहून बऱ्याच वरच्या पट्ट्यात असतात. गिगाबिट लॅनचा संदेश मात्र जवळजवळ तळापासून सुरू होतो. शिवाय अॅक्सेस पॉइंट, कॅमेरे आणि टेबलावरचे फोन यांना याच तारेतून वीज दिली जाते. ती एकदिश असल्यामुळे तारेच्या संपूर्ण छेदातून वाहते आणि तिथे मुलाम्याचा काही उपयोग होत नाही. एकदिश प्रवाहासाठी अशा तारेचा रोध त्याच जाडीच्या तांब्याच्या दीडपटीहून अधिक असतो.

यातून एक गोष्ट निघते, आणि ग्राहकांची दिशाभूल नेमकी इथेच होते. सीसीए केबल वरच्या वारंवारतांच्या चाचण्यांमध्ये बऱ्यापैकी उत्तीर्ण होऊ शकते. म्हणून तपासणीच्या अहवालात नुसते उत्तीर्ण असे लिहिलेले पाहू नये. रोधाची मोजणी केली होती का आणि ती किती आली, हे विचारावे.

सिग्नल_सातारा

मुलाम्याच्या जाडीचा हा हिशेब मी केला नव्हता. वीज त्याच तारेतून जाते हा मुद्दा मान्य आहे. तरीही जिथे वीज द्यायची नाही आणि अंतर वीस-पंचवीस मीटर आहे, तिथे सीसीए चालते, हा माझा अनुभव आहे आणि त्यावर मी ठाम आहे.

प्रयोगशाळा_ताई

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या संगणक प्रयोगशाळेची व्यवस्था पाहते. चपट्या केबलविषयी एक वेगळा अनुभव सांगते.

आमच्या रॅकमध्ये स्विच आणि पॅच पॅनेल यांच्यामधल्या सगळ्या कॉर्ड कोणीतरी चपट्या घातल्या होत्या, कारण त्या नीटनेटक्या दिसतात आणि एकावर एक रचून पट्टीने बांधता येतात. विद्यार्थी नसताना काहीही अडचण येत नसे. परीक्षेच्या वेळी सगळे संगणक एकदम सुरू झाले की पंधरा-वीस पोर्टवर चुका वाढायला लागत. एकेक कॉर्ड बाहेर काढून तपासली की ती निर्दोष निघे. शेवटी पट्ट्या सोडून कॉर्ड मोकळ्या लोंबत ठेवल्या, तर चुका बऱ्याच कमी झाल्या. केबल एकमेकींना चिकटून समांतर असल्यामुळे एकीचा संदेश दुसरीत उतरत होता. गोल केबलची जुडी बांधली तर त्या थोड्याफार वेड्यावाकड्या बसतात. चपट्या केबल मात्र संपूर्ण लांबीभर एकमेकींवर सपाट बसतात.

जमाखर्च, तुमच्या गालिच्याखाली किती केबल एकत्र नेल्या आहेत, तेही पाहा. खुर्चीची चाके त्यांच्यावरून फिरत असतील, तर दाबल्या गेलेल्या जागी जोड्यांमधले अंतर बदलते आणि संदेशाचा काही भाग तिथूनच परत फिरतो. आमच्याकडे अशी एक केबल वरून अगदी चांगली दिसत होती, पण बोट फिरवल्यावर एका जागी ती कागदासारखी पातळ लागली.

वायरमन_पिंपरी

मी हीच कामे करतो, म्हणून दुसरी बाजू मांडणे भाग आहे. ग्राहक तीन ठिकाणांहून दर मागवतो आणि सर्वांत कमी दर देणाऱ्याला काम देतो. शुद्ध तांब्याच्या खोक्याच्या तुलनेत सीसीएचे खोके निम्म्याच्या आसपास किमतीला मिळते. मी तांब्याचा दर दिला की समोरचा म्हणतो, दुसरा तर यापेक्षा पुष्कळ कमीत द्यायला तयार आहे, खोक्यावर तर दोन्हीकडे कॅट ६ असेच लिहिले आहे. मग काम हातून जाते. सगळा दोष ठेकेदारावर टाकू नये. आणि मुळात सीसीएने काम चालतच नाही असे नाही. मी लावलेल्या कित्येक जागा चालू आहेत.

पीळदार

वायरमन, तुमची अडचण मी रोज पाहतो आणि ती खरी आहे. म्हणूनच मी ग्राहकांना सांगतो की दरपत्रकात फक्त कॅट ६ लिहून घेऊ नका, वाहक शुद्ध तांब्याचा आणि २३ किंवा २४ गेजचा, असे शब्द लिहून घ्या. टीआयए-५६८ या मानकात या वर्गाच्या केबलचा वाहक तांब्याचाच असावा लागतो. त्यामुळे सीसीएच्या आवरणावर काहीही छापले, तरी ती त्या वर्गात बसत नाही. शब्द लिहिलेले असतील, तर तुमच्यासारख्यांचा आणि समोरच्याचा दर एकाच वस्तूचा ठरेल.

जागा चालू आहेत हे मला मान्य आहे. पण त्या बसवल्या त्या दिवशी चालू होत्या की आजही तशाच आहेत, हा फरक सीसीएमध्ये फार मोठा असतो. पंचिंग करताना, म्हणजे कीस्टोन या सॉकेटमध्ये तार दाबून बसवताना, त्याची धातूची पाती तारेत रुतते आणि मुलामा चिरून अॅल्युमिनियम उघडे पडते. उघड्या अॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढतो आणि तो वीज वाहू देत नाही. शिवाय दाबाखाली अॅल्युमिनियम हळूहळू सरकत जाते, त्यामुळे पात्याची पकड सैल होते. ताणाला आणि वाकवण्यालाही ही तार तांब्यापेक्षा लवकर तुटते, विशेषतः दुसऱ्यांदा क्रिंपिंग करताना. बसवल्यानंतर काही महिन्यांनी सुरू होणाऱ्या तक्रारी बहुधा या सांध्यांतून येतात.

चुंबक_पाटील

सीसीए ओळखायला चुंबक लावावा, चिकटला की तार बनावट, असे मी ऐकले आहे. करून पाहा.

प्रयोगशाळा_ताई

पाटीलदादा, चुंबक पोलादाला चिकटतो. तांब्याच्या मुलाम्याखाली पोलाद असलेल्या तारा मिळतात आणि त्या त्याने सापडतील. अॅल्युमिनियमला मात्र चुंबक चिकटत नाही, त्यामुळे ही परीक्षा इथे उपयोगाची नाही. त्याऐवजी ब्लेडने तार तिरकी खरवडावी. आतून चंदेरी रंग दिसला तर ती सीसीए असते. उलट प्रकारही असतो. काही तांब्याच्या तारांवर कथलाचा मुलामा असतो, त्या बाहेरून चंदेरी आणि आतून तांबूस दिसतात. त्या पाहून घाबरायचे कारण नाही.

जमाखर्च_नाशिक

सर्वांचे आभार. पीळदार यांनी विचारलेली माहिती गोळा केली.

भिंतीत दोन वेगवेगळी केबल निघाली. बहुतेक टेबलांकडे गेलेल्या केबलच्या आवरणावर कॅट ६ आणि २४ गेज एवढेच छापले आहे, वाहक कशाचा आहे याचा उल्लेख नाही. स्वागतकक्षाच्या बाजूच्या चार टेबलांची केबल दुसऱ्या खोक्यातली दिसते. ती खरवडल्यावर आतपर्यंत तांबूसच निघाली. पहिली आतून चंदेरी आहे. गालिच्याखालच्या चपट्या केबल सगळ्याच टेबलांना आहेत, प्रत्येकी पाच मीटरच्या, आणि सहा-सहा केबल एकत्र पट्टीने चिकटवलेल्या आहेत.

नवा स्विच चुकांची मोजणी दाखवतो, पण आकडे कसे वाचावेत हे कळले नाही.

पीळदार

छान माहिती आणली आहे. त्या चार टेबलांमुळे तुमचे काम सोपे झाले. तिथे भिंतीत तांबे आहे आणि टेबलापाशी चपटी केबल, म्हणून चपट्या केबलचा परिणाम तिथे एकटा पाहता येईल.

स्विचवर आधी त्या पोर्टची जुनी मोजणी पुसा, मग सर्व्हरवरून एखादी मोठी फाइल संगणकावर आणि संगणकावरून परत सर्व्हरवर कॉपी करा, आणि पुन्हा आकडे पाहा. तुमच्या स्विचची भाषा सिस्कोसारखी असेल तर आज्ञा अशा असतील.

```
clear counters gi1/0/12
show interfaces gi1/0/12 counters errors
```

यातला `FCS-Err` हा रकाना पाहायचा. चांगल्या जोडणीवर तो शून्यच राहिला पाहिजे. मोठ्या फाइलसोबत तो वाढत असेल, तर पॅकेट वाटेत बिघडत आहेत. हा आकडा स्विचकडे येणाऱ्या पॅकेटचा असतो, म्हणून दोन्ही दिशांनी कॉपी करणे आवश्यक आहे. संगणकाच्या बाजूने वेग पाहायचा असेल तर पॉवरशेलमध्ये हे चालवा.

```
Get-NetAdapter | Format-Table Name, LinkSpeed
```

त्यानंतर चपटी केबल काढून तिच्या जागी चांगली गोल पॅच कॉर्ड लावा आणि हीच चाचणी पुन्हा करा. एका वेळी एकच गोष्ट बदला.

भिंतीतल्या केबलसाठी मल्टिमीटर पुरेसा आहे. दोन्ही टोके स्विच आणि संगणकापासून सोडवा, कारण तारेत वीज असेल तर मोजणी चुकते आणि मीटरही बिघडू शकतो. दूरच्या टोकाला एका जोडीच्या दोन तारा एकत्र पिळा आणि जवळच्या टोकाला त्याच दोन तारांमधला रोध मोजा. मीटरच्या स्वतःच्या दोऱ्यांचा रोध आधी मोजून वजा करा, कारण इथे एकेका ओहमला महत्त्व आहे. लांबी आवरणावर छापलेल्या मीटरच्या खुणांवरून काढता येते, फक्त दोन्ही टोकांच्या खुणा दिसायला हव्यात. २४ गेज तांब्यासाठी एका तारेला १०० मीटरला साधारण ८.४ ओहम धरा आणि जाण्यायेण्याचे म्हणून दुप्पट करा. सीसीएसाठी एका तारेचा १०० मीटरचा आकडा १३ ओहमच्या आसपास जातो.

जमाखर्च_नाशिक

सांगितल्याप्रमाणे करून पाहिले. एका सहकाऱ्याच्या मुलाने मदत केली, तो डिप्लोमाला आहे.

स्वागतकक्षाच्या बाजूच्या चारही पोर्टवर चपटी केबल असताना चुका वाढत होत्या. गोल कॉर्ड लावल्यावर चारही ठिकाणी आकडा शून्यावर थांबला आणि वेग १ गिगाबिट झाला. तिथल्या एका जोडणीची लांबी ३० मीटर आहे आणि रोध ५.१ ओहम आला.

चंदेरी तारेच्या जोडण्यांपैकी एक २८ मीटरची आहे, तिचा रोध ७.५ ओहम आला. दुसरी ४० मीटरची, तिचा १०.८. या बाजूच्या टेबलांनाही गोल कॉर्ड लावल्या. बहुतेकांच्या चुका गेल्या. पण तीन टेबलांवर वेग अजूनही १०० वरच अडकतो. त्यांपैकी एकावर आयओ बॉक्स हाताने हलवला की जोडणी तुटते आणि पुन्हा लागते. त्याच टेबलाच्या एका जोडीचा रोध दर वेळी वेगळा येतो, एकदा १३, एकदा १९.

पीळदार

तुमचे आकडे पुस्तकी हिशेबाशी जुळतात. ३० मीटर तांब्याला ५ ओहम यायला हवेत आणि तेवढेच आले. २८ मीटरला तांबे असते तर ४.७ आले असते, तुमच्याकडे ७.५ आहेत. ४० मीटरला ६.७ ऐवजी १०.८. दोन्ही ठिकाणी दीडपटीहून थोडे अधिक भरतात, म्हणजे तार सीसीएच आहे. हीच मोजणी बारीक तांब्याच्या तारेवरही जास्त आली असती, पण खरवडल्यावर आतून चंदेरी निघाल्यामुळे ती शंका उरत नाही.

१३ आणि १९ मध्ये हेलकावणारा आकडा मात्र तारेचा नाही, सांध्याचा आहे. तारेचा रोध हलवल्याने बदलत नाही. कीस्टोनमध्ये ती जोडी सैल झाली आहे किंवा तार आतून तुटत आली आहे. गिगाबिटच्या चार जोड्यांपैकी एक जरी अशी असली, तरी दोन्ही बाजूची यंत्रे बहुधा १०० मेगाबिटवर उतरतात, कारण तेवढ्यासाठी चारपैकी ठरावीक दोनच जोड्या लागतात. म्हणून वेग १०० वर अडकणे ही सांधा बिघडल्याची चांगली खूण मानावी.

प्रकाशलहरी

मी धागा शांतपणे वाचत होतो. अॅक्सेस पॉइंटचे कोडे मात्र अजून सुटलेले नाही. दफ्तरखान्यापर्यंत केबल किती लांब आहे, आणि तो अॅक्सेस पॉइंट किती वॅट मागतो?

जमाखर्च_नाशिक

लांबी खुणांवरून ८० मीटरच्या आसपास येते आणि ती चंदेरी तारेचीच आहे. अॅक्सेस पॉइंटच्या पाटीवर २५.५ वॅट लिहिले आहे. वीज स्विचमधूनच जाते, स्विचच्या अडॅप्टरवर ४८ व्होल्ट छापले आहे. केबल पत्र्याच्या छपराखालून जाते.

प्रकाशलहरी

मग हिशेब मांडता येतो. वीज दोन जोड्यांवरून जाते, म्हणजे जाताना दोन तारा समांतर आणि येतानाही दोन समांतर. एकूण रोध त्यामुळे एकाच तारेच्या रोधाइतका होतो. तांबे असते तर तो ६.७ ओहम झाला असता आणि पूर्ण भाराला अॅक्सेस पॉइंटपाशी ४४ व्होल्ट मिळाले असते. सीसीएमध्ये तो १०.८ च्या घरात जातो आणि तिथे ४१ व्होल्टच्या थोडे वर उरतात. लॅनच्या तारेतून वीज देण्याच्या, तीस वॅटच्या पीओई मानकाने उपकरणापाशी किमान ४२.५ व्होल्ट धरले आहेत. पत्र्याखाली दुपारी तापमान तीस अंशांनी वाढले, तर रोध आणखी बारा टक्क्यांनी वाढतो आणि व्होल्टेज आणखी उतरते. दुपारी बंद पडण्याचे कारण हेच.

पीळदार

प्रकाशलहरी, हिशेब बरोबर आहे, पण शेवटचे वाक्य मी थोडे सावधपणे लिहीन. ४१ व्होल्टला उपकरण लगेच बंद पडते असे नाही. सुरू झालेले उपकरण त्याच्या पुष्कळ खालीही चालू राहू शकते. शिवाय २५.५ हा कमाल भार आहे, तो सतत नसतो. व्होल्टेज घटल्याने सुरक्षित अंतर संपते एवढे नक्की. त्यात दोन्ही टोकांचे सांधे सैल आणि काळवंडलेले असतील, तर उष्णतेत धातू प्रसरण पावल्यावर क्षणभर संपर्क जातो, स्विच वीज तोडतो आणि पहिल्यापासून सुरू करतो. माझा संशय सांध्यांवर अधिक आहे. खात्री करायची तर स्विचची नोंदवही पाहा. त्या पोर्टवर वीज तुटल्याची नोंद आधी येते की नुसती जोडणी तुटल्याची, यावरून दिशा कळेल.

प्रकाशलहरी

मान्य. तरी ४८ व्होल्टऐवजी ५४ व्होल्टचा अडॅप्टर असता, तर हा प्रश्न बराच सौम्य झाला असता असे मला वाटते. त्याच भाराला प्रवाह कमी लागतो आणि तारेतली घटही कमी होते.

वायरमन_पिंपरी

तो सोपा उपाय आहे, पण सैल सांध्यातून वीज गेली की सांधा तापतो, आणि अडॅप्टर बदलून तो घट्ट होत नाही. दफ्तरखान्याची केबल तांब्याची नवी ओढा. ही एक केबल ओढायला फार मजुरी लागत नाही. बाकीच्या टेबलांसाठी घाई करू नका.

सिग्नल_सातारा

मीही तेच म्हणत होतो. गोल कॉर्ड लावल्यावर जी टेबले शून्य चुकांवर चालत आहेत, ती तशीच राहू द्यावीत.

प्रयोगशाळा_ताई

याला माझा विरोध आहे. आज शून्य आहे म्हणून सोडून दिले, तर विवरणपत्रांच्या गर्दीत यांतलेच एखादे टेबल बंद पडेल आणि तेव्हा दुरुस्तीला कोणालाही वेळ नसेल. तीन सांधे गेलेच आहेत, आणि बाकीचे त्याच हातांनी, त्याच तारेवर, त्याच दिवशी बसवलेले आहेत. एका सुट्टीत सगळे बदलून टाकावे. नळी भिंतीत असेल तर जुन्या केबललाच नवी बांधून ओढता येते.

वायरमन_पिंपरी

ताई, सीसीएला नवी केबल बांधून ओढू नका. ती ताणाला तुटते आणि अर्धी नळीत अडकते. आधी स्वतंत्र दोरी किंवा फिश टेप घाला.

जमाखर्च_नाशिक

चर्चेनंतर असे ठरवले आहे. चपट्या केबल आज सगळ्या काढल्या. दफ्तरखान्यापर्यंत नवी तांब्याची केबल ओढायची, आणि तीन बिघडलेल्या टेबलांच्या केबलही बदलायच्या. उरलेल्या टेबलांविषयी कार्यालयात एकमत नाही. भागीदारांना थांबावेसे वाटते, मला ताईंचे पटते. स्विचची नोंदवही पाहिली, अॅक्सेस पॉइंटच्या पोर्टवर दुपारी वीज तुटल्याचीच नोंद आधी येते, जोडणी तुटल्याची तिच्यानंतर.

एक शेवटची शंका. नव्या केबलसाठी ठेकेदार खोके आणेल, तेव्हा ते उघडण्याआधीच ओळखता येईल का?

पीळदार

पूर्ण खात्री उघडल्यावरच होते, पण वजनावरून बराच अंदाज येतो. अॅल्युमिनियम तांब्याच्या एक तृतीयांशाहूनही हलके असते. ३०५ मीटरचे तांब्याचे कॅट ६ खोके हातात घेतले तर बारा किलोच्या आसपास भरते. सहा-सात किलोचे आले तर परत पाठवा. उघडल्यावर टोकाची एक तार ब्लेडने खरवडा आणि ओढण्याआधीच संपूर्ण गुंडाळीचा रोध मोजा. ३०५ मीटरच्या एका तारेला २४ गेज तांब्यात साधारण २६ ओहम यायला हवेत, २३ गेज असेल तर त्याहून कमी. चाळीसच्या आसपास आले, तर खोक्यावर काहीही लिहिलेले असो, तार सीसीएच समजा.

पंचिंग करताना जोडीचा पीळ १३ मिलिमीटरहून जास्त उलगडू देऊ नका, हे ठेकेदाराला आधीच सांगून ठेवा.

वायरमन_पिंपरी

आणि काम झाल्यावर प्रत्येक जोडणीचा रोध कागदावर लिहून, सही करून द्यायला सांगा. मी देतो. तीन टेबलांच्या जुन्या केबल काढल्यावर त्यांचे सांधे फेकू नका, कीस्टोन उघडून आतल्या तारांचे फोटो इथे टाका.